दहा हजार सैनिक आणि सोळा मिलिसेकंद

सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने पैसे मोजून ‘एज ऑफ एम्पायर्स’ खेळलेल्या पिढीला ती चिडचिड आठवत असेल. सोनं आहे, लाकूड आहे, बराकी रिकाम्या पडल्या आहेत, पण नवा सैनिक काही बाहेर पडत नाही, कारण लोकसंख्येची मर्यादा गाठलेली असते. १९९७च्या पहिल्या खेळात नेहमीच्या डावात ही मर्यादा प्रत्येक खेळाडूला ५० होती, १९९९च्या दुसऱ्या भागात जास्तीत जास्त २००. २००७ साली आलेल्या ‘सुप्रीम कमांडर’ने ती प्रत्येकी हजारापर्यंत नेली. डाव रंगतदार राहावा म्हणून अशी मर्यादा घालतात हे खरं. पण त्यामागे यंत्राचीही एक अडचण असते, आणि ती अडचण सोडवण्यासाठी आज ‘एंटिटी कंपोनंट सिस्टिम’ म्हणजेच ईसीएस ही रचना वापरली जाते. तिच्या जोरावर घरच्या साध्या संगणकावरही दहा हजार सैनिकांची लढाई चालवता येते. ती कशी, आणि ही रचना कुठे अपुरी पडते, हे अशाच एका लढाईच्या हिशेबातून पाहू.

आधी वेळेचं गणित. पडद्यावरचं चित्र सेकंदाला ६० वेळा बदलायचं तर प्रत्येक चित्रासाठी साधारण साडेसोळा मिलिसेकंद मिळतात. सैनिकांच्या हालचालींचा हिशेब मात्र दर चित्राला करावा लागत नाही. तो सेकंदाला वीस वेळा केला तरी पुरतो. मधल्या चित्रांमध्ये सैनिक दोन हिशेबांच्या मधल्या जागी दाखवले की चाल अखंड दिसते. हिशेबाच्या अशा एका फेरीला ‘टिक’ म्हणतात. पण ज्या चित्राच्या वेळात टिक येतो, त्याच वेळात चित्र काढणं, आवाज, माऊसचे क्लिक हे सगळंही उरकावं लागतं. म्हणून टिकच्या वाट्याला पाच-सहा मिलिसेकंद आले तर नशीब समजायचं. दहा हजार जणांनी चालणं, शत्रू शोधणं, बाण मारणं आणि मरणं, हे सारं तेवढ्यात बसवायचं आहे.

एका सैनिकाची फाईल

प्रोग्रामिंग शिकवताना सहसा असं सांगतात की सैनिक म्हणजे एक ‘ऑब्जेक्ट’. त्याचं नाव, जागा, वेग, आरोग्य, हत्यार, कपड्यांचा रंग, आवाजाची फाईल असं सगळं त्याच्या पोटात ठेवायचं आणि दर टिकला प्रत्येकाला सांगायचं, ‘तुझं काम कर.’ वाचायला ही रचना सोपी असते आणि दोनशे सैनिकांपर्यंत ती उत्तम चालते. दहा हजारांवर गेलं की ती धापा टाकू लागते. यात दोष प्रोसेसरच्या वेगाचा नसतो. बेरीज-गुणाकार त्याला चुटकीसरशी जमतात. वेळ जातो तो मेमरीतून माहिती येण्याची वाट पाहण्यात.

प्रोसेसरला मुख्य मेमरीतली एखादी गोष्ट हवी असेल तर ती यायला साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात. तेवढ्यात त्याच्या शेकडो बेरजा झाल्या असत्या. म्हणून त्याच्याजवळ ‘कॅश’ नावाची छोटी, वेगवान मेमरी असते. मुख्य मेमरीतून माहिती एकेका आकड्याने येत नाही. एका वेळी ६४ बाइटचा तुकडा उचलला जातो आणि कॅशमध्ये ठेवला जातो. त्या तुकड्यातलं शेजारचं काही लागलं तर ते जवळजवळ फुकट मिळतं. शिवाय प्रोसेसर ओळीने पुढे वाचत असेल तर पुढचे तुकडे तो स्वतःहून आधीच मागवून ठेवतो.

आता चारशे बाइटचा एक सैनिक घ्या. त्याला एक पाऊल पुढे टाकायला फक्त चार आकडे लागतात: दोन जागेचे आणि दोन वेगाचे, मिळून १६ बाइट. पण ते आणायला निदान एक ६४ बाइटचा तुकडा उचलावा लागतो आणि त्यातला बराचसा भाग नाव-रंग अशा त्या वेळी निरुपयोगी माहितीने भरलेला असतो. सैनिक मेमरीत इतस्ततः विखुरलेले, त्यामुळे पुढचा तुकडा आधी मागवणंही जमत नाही. दहा हजार जणांसाठी प्रत्येकी एकदा शंभर नॅनोसेकंद थांबायचं म्हणजे पूर्ण एक मिलिसेकंद गेला. त्याचं हत्यार वेगळ्या जागी, लक्ष्य आणखी कुठे, लक्ष्याचं आरोग्य तिसरीकडे. असे आठ हेलपाटे धरले की आठ मिलिसेकंद नुसते वाट पाहण्यात जातात आणि टिकचं अंदाजपत्रक तिथेच कोलमडतं.

फाईलऐवजी रकाना

शाळेत प्रत्येक मुलाची वेगळी फाईल वेगवेगळ्या कपाटांत असेल आणि सगळ्यांचे गणिताचे गुण दोनाने वाढवायचे असतील, तर कारकुनाचा दिवस कपाटं उघडण्यात जाईल. निकालपत्रकात गणिताचा रकाना एकाखाली एक असला तर तेच काम चहा थंड व्हायच्या आत होतं. ईसीएस हेच करते. तिच्यात ‘एंटिटी’ म्हणजे नुसता एक क्रमांक. त्याच्या पोटात काहीच नसतं. जागा, वेग, आरोग्य, हत्यार हे झाले ‘कंपोनंट’. प्रत्येक कंपोनंट म्हणजे केवळ आकडे, आणि सर्वांचे ते आकडे मेमरीत सलग. आणि ‘सिस्टिम’ म्हणजे एकेका रकान्यावरून हात फिरवणारं काम. चालण्याची सिस्टिम एवढीच असते:

```cpp
for (int i = 0; i < n; i++) {
    x[i] += vx[i] * dt;
    y[i] += vy[i] * dt;
}
```

या चार रकान्यांत दहा हजार जणांचे मिळून १,६०,००० बाइट होतात, म्हणजे ६४ बाइटचे अडीच हजार तुकडे. प्रत्येक तुकड्यातला प्रत्येक बाइट कामाचा, आणि सगळे ओळीने असल्यामुळे आधीच मागवलेले. मुख्य मेमरीतून हे सगळं वाचायचं झालं तरी काम मायक्रोसेकंदांत मोजण्याइतकं होतं. मिलिसेकंदाचा प्रश्नच येत नाही. भरीला आजचे प्रोसेसर असे सलग आठ-आठ आकडे एकाच आज्ञेत बेरीज करू शकतात.

या विचाराची मुळं १९९०च्या दशकाच्या अखेरीस सापडतात. २००२ साली स्कॉट बिलास यांनी ‘डंजन सीज’ या खेळाची घटकांवर उभारलेली रचना गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये मांडली. तेव्हा हेतू मुख्यतः सोयीचा होता: नवा प्राणी बनवायला नवा कोड न लिहिता तयार घटक जोडायचे. २०१४ साली माइक ॲक्टन यांनी सीपीपीकॉन परिषदेत, माहिती मेमरीत कशी मांडली आहे यावरूनच कोडचा विचार सुरू व्हावा, हे ठासून सांगितलं. या दोन धाग्यांतून आजची ईसीएस तयार झाली. घटक वेगळे केले म्हणून वेग आपोआप येत नाही हेही यातून कळतं. प्रत्येक घटक पुन्हा स्वतंत्र ऑब्जेक्ट म्हणून मेमरीत विखुरला तर सोय मिळते, वेग मिळत नाही.

शत्रू शोधण्याचा प्रश्न

चालणं स्वस्तात झालं, पण लढाईचा खरा खर्च ‘माझ्या जवळ शत्रू कोण?’ या प्रश्नात असतो. प्रत्येक तिरंदाजाने प्रत्येकाकडे पाहायचं ठरवलं तर दहा हजार गुणिले दहा हजार, म्हणजे दर टिकला दहा कोटी तुलना. माहिती कितीही सलग मांडली तरी हे पाच मिलिसेकंदांत बसत नाही. ईसीएस इथे मदतीला येत नाही. इथे गणिताची पद्धतच बदलावी लागते.

नेहमीचा उपाय म्हणजे रणांगणावर चौकटी आखायच्या. चौकटीची बाजू बाणाच्या पल्ल्याएवढी ठेवली की तिरंदाजाला स्वतःची आणि भोवतालच्या आठ अशा नऊच चौकटी पाहाव्या लागतात. चौकटीत सरासरी पाच जण असतील तर प्रत्येकी ४५ तुलना, एकूण साडेचार लाख. दहा कोटींवरून साडेचार लाखांवर.

या टप्प्यावर एक सापळा आहे. चौकटीत आपण सैनिकांचे क्रमांक ठेवतो, उदाहरणार्थ १७, ४४१७, ९०२. मग त्यांची जागा वाचायला रकान्यात इकडेतिकडे उड्या माराव्या लागतात. सलग मांडणीने जे कमावलं ते मागच्या दाराने निघून जातं. म्हणून अनुभवी लोक दर टिकच्या सुरुवातीला जागांची एक प्रत चौकटींच्या क्रमाने लावून घेतात: आधी प्रत्येक चौकटीत किती जण आहेत ते मोजायचं, त्यावरून प्रत्येक चौकटीची सुरुवात कुठे होईल ते ठरवायचं, मग ओळीने भरायचं. दहा हजार जणांसाठी ही क्रमवारी स्वस्तात होते, आणि पुढच्या लाखो तुलना पुन्हा सलग वाचनावर येतात.

तरीही गर्दी झाली की चौकटींचा हिशेब बिघडतो. दोन्ही सैन्यं किल्ल्याच्या दरवाजात येऊन भिडली की एकेका चौकटीत साठ-साठ जण कोंबले जातात. नऊ चौकटींचे ५४० आणि दहा हजार जणांचे ५४ लाख. सैनिक तेवढेच, काम बारापट. यावर एक सोपी तोड आहे: सर्वांनी एकाच टिकला शोध घ्यायचा नाही. सैन्याचे दहा गट करायचे आणि दर टिकला एका गटाने शोधायचं. म्हणजे प्रत्येक सैनिक सेकंदाला दोनदा नवा शत्रू शोधतो. मधल्या वेळात तो आधी निवडलेल्या लक्ष्यावरच बाण मारत राहतो, आणि बघणाऱ्याला त्यातलं काहीही जाणवत नाही.

लक्ष्याचं आरोग्य वाचताना उडी मारावीच लागते, ती टळत नाही. पण आरोग्याचा रकाना चार बाइटचा; दहा हजार जणांचे मिळून फक्त ४० हजार बाइट. एवढा रकाना कॅशमध्येच मावतो, त्यामुळे त्यातल्या उड्या महाग पडत नाहीत. रकाने लहान ठेवण्याचा हा दुसरा फायदा पहिल्याइतकाच मोठा आहे.

मरणाचा हिशेब

या रचनेत सर्वांत नाजूक क्षण असतो तो सैनिक मरण्याचा. रकान्याच्या मधून एक ओळ काढली तर भोक पडतं, आणि भोकं साचली की सलगपणा संपतो. म्हणून शेवटची ओळ उचलून त्या भोकात ठेवतात. हे काम झटपट होतं, पण एखादी सिस्टिम रकान्यावरून हात फिरवत असतानाच ते केलं तर ओळी तिच्या पायाखालून सरकतात: एखादा सैनिक दोनदा चालतो, एखादा राहूनच जातो. म्हणून ‘याला काढा’, ‘याला जन्म द्या’ असे हुकूम त्या वेळी नुसते लिहून ठेवतात आणि सगळ्या सिस्टिम संपल्यावर एकदम अमलात आणतात. या यादीला ‘कमांड बफर’ म्हणतात.

त्याहून फसवी चूक क्रमांकांची. समजा आपल्या तिरंदाजाचं लक्ष्य ४४१७ क्रमांकाचा शत्रू भालाईत आहे. तो मेला, क्रमांक मोकळा झाला, आणि त्याच टिकच्या शेवटी आपल्याच गावात जन्मलेल्या शेतकऱ्याला ४४१७ हाच क्रमांक मिळाला. तिरंदाजाच्या लक्ष्याच्या रकान्यात अजून ४४१७च आहे. पुढच्या टिकला तो मान वळवतो आणि आपल्याच शेतकऱ्यावर बाण सोडतो. ही चूक लहान चाचणीत सापडत नाही, कारण क्रमांक पुन्हा वापरले जायला भरपूर मरण आणि भरपूर जन्म लागतात. मोठ्या लढाईच्या दहाव्या मिनिटाला बाण स्वतःच्याच बराकीकडे उडताना दिसले की समजायचं, हीच भानगड. उपाय म्हणून ओळख दोन आकड्यांची ठेवतात:

```cpp
struct Entity {
    uint32_t index;
    uint32_t generation;
};
```

क्रमांक मोकळा झाला की त्याची पिढी एकाने वाढते. तिरंदाजाकडे ‘४४१७, पिढी २’ अशी नोंद आहे आणि जिवंत शेतकरी आहे ‘४४१७, पिढी ३’. पिढी जुळली नाही की लक्ष्य संपलं असं समजून तो नवा शोध घेतो.

आणखी एक खर्च पहिल्यांदा लक्षात येत नाही. युनिटीसारख्या इंजिनांमध्ये ज्यांचे कंपोनंट सारखे, त्यांना १६ किलोबाइटच्या गठ्ठ्यांत एकत्र ठेवतात. जादूगाराच्या एका फटक्याने दोन हजार सैनिक सुन्न झाले आणि आपण प्रत्येकाला `Stunned` नावाचा नवा कंपोनंट जोडला, तर ते सगळे त्यांच्या गठ्ठ्यातून उचलून, सर्व आकड्यांसह, दुसऱ्या गठ्ठ्यात नेले जातात. दोन सेकंदांनी पुन्हा परत. ज्या टिकला फटका बसतो तेवढ्याच टिकला खेळ अडखळतो, ही याची खूण. त्यापेक्षा सगळ्यांनाच सुन्नपणाचा एक आकडा कायम द्यावा, शून्य म्हणजे ठणठणीत. चार बाइट जास्त जातात, पण कोणालाही हलवावं लागत नाही. अशाच गरजेसाठी युनिटीने कंपोनंट न काढता तो नुसता बंद-चालू करण्याची सोयही दिली आहे.

सगळीकडे एकच लढाई

इंटरनेटवर खेळताना दहा हजार सैनिकांच्या जागा दर टिकला पाठवणं परवडत नाही. ‘एज ऑफ एम्पायर्स’च्या वेळी तर २८.८चा मोडेम होता. पॉल बेटनर आणि मार्क टेरानो यांनी २००१ साली त्यांची युक्ती लिहून प्रसिद्ध केली, तीच आजही चालते: सैनिकांच्या जागा पाठवायच्याच नाहीत, फक्त खेळाडूंचे हुकूम पाठवायचे. २०० मिलिसेकंदांची एक पाळी, आणि आज दिलेला हुकूम दोन पाळ्यांनंतर सगळीकडे एकाच वेळी अमलात. लढाई प्रत्येक संगणक स्वतःची स्वतः मोजतो. अट एवढीच की सगळ्यांचं उत्तर अगदी शेवटच्या अंकापर्यंत सारखं आलं पाहिजे. एका यंत्रावर एक सैनिक केसभर पुढे असला तर त्याचा बाण लागतो, दुसरीकडे चुकतो, आणि पाच मिनिटांनी दोघे खेळाडू वेगवेगळ्या लढाया खेळत असतात.

ईसीएसमध्ये हा धोका वाढतो, कारण सलग रकाने चार-आठ कोअरमध्ये वाटून देण्याचा मोह होतो आणि तो रास्तही असतो. एकाच भालाईताला तीन बाण लागले, ते तीन वेगळ्या कोअरने मोजले, आणि जखमा दशांश अपूर्णांकांत मिळवल्या, तर मिळवण्याचा क्रम बदलला की संगणकाच्या बेरजेचा शेवटचा अंक बदलू शकतो. पूर्णांकांत असं होत नाही. म्हणून जखमा पूर्णांकांत ठेवतात, ‘झिरो ए. डी.’ या मुक्तस्रोत खेळात तर सैनिकांच्या जागाही ठरावीक अचूकतेच्या पूर्णांकी पद्धतीनेच मोजल्या जातात. शिवाय जखम लागलीच वजा करत नाहीत. आधी सगळ्यांचे बाण मोजायचे, जखमा वेगळ्या रकान्यात साठवायच्या, मग एका सिस्टिमने त्या वजा करायच्या आणि पुढच्या सिस्टिमने मेलेले वेचायचे. यामुळे समोरासमोरच्या दोन तिरंदाजांत ज्याचा क्रमांक आधी तो वाचला, असा अन्यायही टळतो.

इथे रकान्यांचा आणखी एक उपयोग होतो. उत्तरं जुळतात का हे तपासायला प्रत्येक यंत्र काही पाळ्यांनी आपल्या सगळ्या आकड्यांचा एक छोटा सांकेतिक गोषवारा काढून पाठवतं. ईसीएसमध्ये तो रकान्यागणिक वेगळा काढता येतो. मग ‘काहीतरी बिघडलं’ एवढ्यावर न थांबता, ‘८१२व्या टिकला जागा जुळत होत्या, आरोग्य जुळलं नाही’ असं नेमकं कळतं आणि शोध थेट जखमांच्या सिस्टिमपासून सुरू होतो.

जिथे उपयोग नाही

हजार सैनिकांना एकाच टेकडीवर पाठवलं आणि प्रत्येकाने स्वतंत्र वाट शोधली, तर कुठलीही मांडणी वाचवू शकत नाही. ‘सुप्रीम कमांडर २’मध्ये त्यासाठी दिशांचा नकाशा वापरला: मुक्कामापासून उलट मोजत जाऊन नकाशाच्या प्रत्येक चौकोनात एक दिशा लिहायची, आणि सैनिकाने फक्त आपल्या पायाखालची दिशा वाचायची. तो नकाशा तयार करणं हे ईसीएसचं काम नाही. वाचणं मात्र तिला छान जमतं. तसंच मेनू, तंत्रज्ञानाची शिडी, कथेतला एकमेव सेनापती यांना रकान्यांत कोंबून काहीच मिळत नाही. एकाच ओळीच्या रकान्यात सलगपणा कुठून येणार? आणि खेळात दोनशेच सैनिक असतील तर जुनी ऑब्जेक्टची पद्धत वाचायला सोपी आहे, तीच ठेवावी.

आपल्या खेळात नेमकं काय अडतंय हे ओळखायला एक साधी चाचणी पुरते. पाच हजार सैनिकांवर टिकचा वेळ मोजा, मग सैन्यं तितकीच पसरलेली ठेवून दहा हजारांवर मोजा. वेळ दुप्पट झाला तर काम सरळ वाढतंय. मग रकाने लहान करणं आणि कोअरमध्ये वाटणं याने फरक पडेल. चौपट झाला तर कुठेतरी प्रत्येक जण प्रत्येकाकडे पाहतोय, आणि तो शोध सापडेपर्यंत मांडणी बदलून हाती काही लागणार नाही. सैनिक तेवढेच असताना दरवाजातल्या गर्दीत वेळ वाढला तर चौकटी मोठ्या आहेत. आणि एखाद्याच टिकला उसळी येत असेल तर त्या टिकला किती जण जन्मले, मेले किंवा एका गठ्ठ्यातून दुसऱ्यात गेले, ते आधी मोजा.